मेट्रोनिडाझोल आणि दारू: इशाऱ्यात खरं किती, आणि गोळ्या चालू असताना टाळायचं काय

प्रश्न: सोमवारी दाढ काढली. डेंटिस्टनी अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल ४०० दिवसातून तीनदा पाच दिवस आणि दुखलं तर घ्यायला डायक्लोफेनॅक दिलंय. मेडिकलवाला म्हणाला, ‘यावर दारूचा थेंब घेतलात तर जीवावर बेतेल.’ शनिवारी मित्राच्या लग्नाची पार्टी आहे. एक मित्र म्हणतो काही होत नाही, त्याने घेतली होती. दुसरा म्हणतो त्याच्या काकांना उलट्या होऊन ॲडमिट केलं होतं. नक्की खरं काय? आणि दारू सोडून आणखी काही टाळायचं असतं का?

उत्तर: तुमची तब्येत एरवी ठणठणीत असेल, यकृत ठीक असेल आणि दुसरी कुठली नेहमीची औषधं चालू नसतील, तर या गोळ्यांवर एखादा पेग पोटात गेला म्हणून जीवावर बेतण्याची शक्यता जवळजवळ नाही. मेडिकलवाल्याने सांगितलं ते गेली पन्नास-साठ वर्षं सगळेच सांगत आलेत आणि औषधाच्या माहितीपत्रकातही तसंच छापलेलं आहे. पण त्यामागचा पुरावा शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं. तरीही पाच दिवस दारू न घेणं चांगलंच, त्याची कारणं मात्र वेगळी आहेत. आणि एक गोष्ट कधीही करू नये: पार्टीसाठी गोळी चुकवणे. माझ्या पाहण्यात या इशाऱ्याने जे नुकसान झालंय त्यातलं बहुतेक याच वाटेने झालंय.

आधी ही भीती आली कुठून ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या त्रासदायक पदार्थात रूपांतर करतं आणि लगेच पुढच्या पायरीला त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट बनवतं. दुसरी पायरी ज्या विकराने, म्हणजे एन्झाइमने, होते ते बंद पाडणारं एक औषध आहे, डायसल्फिरॅम. दारू सोडवण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधल्या संशोधकांच्या लक्षात आलं. डायसल्फिरॅम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचतं. दहा-वीस मिनिटांत चेहरा आणि छाती लालबुंद होते, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, घाम फुटतो, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. ही प्रतिक्रिया खरी आहे आणि कधीकधी जीवघेणीही ठरते.

मेट्रोनिडाझोल बाजारात आलं १९६० च्या सुमारास, ट्रायकोमोनास या योनिमार्गाच्या संसर्गावरचं औषध म्हणून. १९६४ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरने लिहिलं की हे औषध घेणाऱ्या एका स्त्रीची दारूची ओढच कमी झाली. झालं, दारू सोडवायला नवं औषध मिळालं म्हणून त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. व्यसन सोडवण्यात ते काही फारसं उपयोगी पडलं नाही. पण त्या काळात ‘याने डायसल्फिरॅमसारखा परिणाम होतो’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत शिरलं आणि पुढे कुणी ते हलवलं नाही. नंतर अधूनमधून एकेका रुग्णाची हकिगत छापून येत राहिली: दारू घेतली, गोळी घेतली, उलट्या झाल्या. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका तरुण स्त्रीच्या मृत्यूचा ठपकाही न्यायवैद्यकांनी या जोडीवर ठेवला. त्यावर पुढे शंका घेतली गेली, आणि ती रास्त आहे. रक्ताच्या नमुन्यात दारू असेल तर नमुना काढल्यानंतरही त्यात ॲसिटाल्डिहाइड तयार होऊ शकतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निदान करणं धोक्याचं असतं.

मग नीट प्रयोग कुणी केला का? केला, फिनलंडमध्ये, आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बारा निरोगी पुरुष घेतले. सहांना मेट्रोनिडाझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा पाच दिवस दिलं, सहांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. मग सगळ्यांना वजनाच्या दर किलोमागे ०.४ ग्रॅम अल्कोहोल पाजलं आणि रक्तातलं ॲसिटाल्डिहाइड, नाडी, रक्तदाब, त्वचेचं तापमान मोजत बसले. दोन गटांत काहीही फरक पडला नाही. ॲसिटाल्डिहाइड वाढलं नाही, चेहरे लाल झाले नाहीत, कुणी जास्त त्रास झाल्याचंही सांगितलं नाही.

हे ०.४ ग्रॅम म्हणजे आपल्या हिशेबात किती? आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला २८ ग्रॅम दिलं म्हणजे जवळजवळ तीन छोटे पेग. अगदीच चाटवल्यासारखं नव्हतं.

या प्रयोगाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण ‘काही होत नाही’ म्हणणारा तुमचा मित्र त्या सांगणार नाही. औषध घेणारी माणसं फक्त सहा होती, सगळे पुरुष, सगळे निरोगी. डोस तुमच्या डोसच्या निम्मा होता. हजारात एखाद्याला त्रास होत असेल तर तो सहांमध्ये दिसणार नाही. पण ज्या यंत्रणेवर हा सगळा इशारा उभा होता, म्हणजे रक्तात ॲसिटाल्डिहाइड साचणं, ती यंत्रणाच तिथे सापडली नाही, आणि उलट बाजूने इतका नीट केलेला प्रयोग माझ्या माहितीत नाही. अमेरिकेच्या सीडीसीने लैंगिक संसर्गांच्या उपचारांची मार्गदर्शिका २०२१ मध्ये सुधारली तेव्हा स्पष्ट लिहिलं की मेट्रोनिडाझोल ते विकर बंद पाडत नाही आणि ते किंवा त्याच्याच घराण्यातलं टिनिडाझोल घेताना दारू वर्ज्य करण्याची गरज नाही. २०१५ च्या आवृत्तीत हीच संस्था मेट्रोनिडाझोलनंतर २४ तास आणि टिनिडाझोलनंतर ७२ तास थांबा म्हणत होती.

माहितीपत्रकं मात्र अजून जुन्याच जागी आहेत. अमेरिकेतलं म्हणतं कोर्स संपल्यावर तीन दिवस थांबा, ब्रिटनमधलं म्हणतं ४८ तास. या तासांमागे दारूचा कुठलाही प्रयोग नाही, साधा औषधाच्या वजाबाकीचा हिशेब आहे. मेट्रोनिडाझोलचं रक्तातलं प्रमाण दर आठ तासांनी निम्मं होतं. पाच वेळा निम्मं झालं की नगण्य उरतं, म्हणजे ४० तास, त्याचे गोळाबेरीज ४८. टिनिडाझोलला निम्मं व्हायला बारा-चौदा तास लागतात, म्हणून त्याचे ७२. आणि पत्रकात लिहिलेलं आहे तोवर कुठलाही डॉक्टर किंवा फार्मासिस्ट ‘घ्या बिनधास्त’ म्हणणार नाही. उद्या काही बिनसलं तर बोट त्याच्याकडेच जाणार.

आता तुमच्या दुसऱ्या मित्राचे काका. त्यांना उलट्या झाल्याच असतील, ते खोटं बोलत नाहीत. पण मेट्रोनिडाझोल दारूशिवायही मळमळवतं. तोंडाला लोखंडासारखी कडवट चव येते, जिभेवर थर जमतो, जेवण नकोसं होतं, काहींचं डोकं दुखतं. रिकाम्या पोटी घेतलं तर जास्तच. त्यात पार्टीची दारू, तेलकट चखणा, उशिरा जेवण, आणि मुळात ज्या आजारासाठी गोळ्या सुरू आहेत तो आजार. उलटी व्हायला यातली कुठलीही दोन कारणं पुरतात. शिवाय इशारा ऐकलेला माणूस पहिल्या घोटापासून स्वतःची नाडी चाचपत बसतो.

खरी प्रतिक्रिया ओळखायची खूण वेळेत असते. दारू पोटात गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत, अगदी थोड्या दारूनेही, चेहरा-मान-छाती लाल होऊन गरम वाफा आल्यासारखं वाटणं, धडधड, ठणका, धाप, चक्कर. नुसती रात्री उशिराची उलटी ही त्यातली नव्हे. आणि अशी खरी प्रतिक्रिया दिसली तर मी मेट्रोनिडाझोलवर थांबत नाही, दोन गोष्टी हमखास विचारतो.

पहिली: दवाखान्यात सलाइनमधून सेफोपेराझोन हे अँटिबायोटिक दिलं होतं का? आपल्याकडे इस्पितळांत हे सल्बॅक्टमसोबत सर्रास वापरलं जातं, आणि पोटाच्या संसर्गात बऱ्याचदा मेट्रोनिडाझोलच्या जोडीने. सेफोपेराझोनच्या रेणूला एक अशी शाखा आहे जी ते विकर खरोखर बंद पाडते. म्हणजे बाटल्या दोन लटकलेल्या असतात, गुन्हा एकीचा असतो आणि नाव दुसरीचं होतं. घरी गेल्यावरही शेवटच्या डोसनंतर तीन दिवस तरी दारू नको, हे इथे शब्दशः पाळायचं.

दुसरी: घरात कुणी गुपचूप दारू सोडवायचं औषध देतंय का? हा प्रश्न मी रुग्णाला बाहेर बसवून बायकोला किंवा आईला विचारतो. ‘पेशंटला न सांगता चहातून द्या’ अशी जाहिरात करून पुड्या विकल्या जातात आणि अशा पुडीत नेमकं काय आहे हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही. कधी घरचे कुणाची तरी जुनी डायसल्फिरॅमची गोळीच कुटून भाजीत घालतात. अशा माणसाला मेट्रोनिडाझोल दिलं तर दारूचा थेंबही न घेता तो भ्रमिष्ट होऊ शकतो. १९६९ साली अमेरिकेत व्यसनमुक्तीचा उपचार घेणाऱ्या पुरुषांना ही दोन औषधं एकत्र दिली गेली आणि त्यातल्या काहींना चक्क वेड लागल्यासारखे झटके आले: संशय, भास, गोंधळ. म्हणून डायसल्फिरॅम घेतल्यापासून दोन आठवड्यांत मेट्रोनिडाझोल द्यायचं नाही, हा नियम पक्का आहे. दारू आणि मेट्रोनिडाझोलच्या गाजलेल्या जोडीपेक्षा ही न गाजलेली जोडी मला कितीतरी जास्त घाबरवते. घरात असं काही चालू असेल तर लाज सोडून डॉक्टरांच्या कानावर घाला.

गोळी चुकवण्याबद्दल वर म्हणालो, ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. तुमच्याहून तो फार वेगळा आहे, पण इशाऱ्याची खरी किंमत त्याच्यासारखेच मोजतात.

पालघरच्या किनारपट्टीवरचा पंचेचाळिशीचा माणूस. रोज ताडी, पैसे असले की देशी. आठवडाभर ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, खोल श्वास घेतला की कळ थेट उजव्या खांद्यात. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात सात सेंटिमीटरचा पू. अमीबामुळे होणारा हा यकृताचा गळू आपल्याकडे प्रामुख्याने दारू पिणाऱ्या पुरुषांतच दिसतो. म्हणजे गंमत बघा, ज्याला या औषधाची सर्वांत जास्त गरज, तोच नेमका रोज पिणारा. उपचार म्हणजे मेट्रोनिडाझोलच, ८०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस.

भरती झाल्यावर दारू अर्थातच बंद झाली. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, घामाने कपडे भिजले, रात्री भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. नातेवाईक म्हणाले, ‘गोळी गरम पडली, बंद करा.’ हे दारू एकदम तुटल्याचं लक्षण होतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की सहा तासांपासून थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो. यात माणसं दगावतात. त्याला दारू तुटल्याचा त्रास शमवणारं लोराझेपाम सुरू केलं, ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन दिलं, मेट्रोनिडाझोल चालूच ठेवलं. दोन दिवसांत तो शुद्धीवर आला, तापही उतरला.

घरी पाठवताना वॉर्डातल्या कुणीतरी त्याला बजावलं: ‘ही गोळी आणि दारू एकत्र झाली तर खेळ खल्लास.’ चांगल्या हेतूनेच. त्याने ते तंतोतंत पाळलं, आपल्या पद्धतीने. संध्याकाळी प्यायची म्हणून संध्याकाळची गोळी सोडली. सकाळी अंगात अजून दारू असेल म्हणून सकाळचीही सोडली. दुपारची तेवढी घेतली. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, म्हणजे ४०० च्या तीस. पाचव्या दिवशी पुन्हा तापाने फणफणून आला तेव्हा पाकिटात वीस शिल्लक होत्या. दारूने त्याला काही केलं नव्हतं. अर्ध्यावर सोडलेल्या औषधाने केलं होतं.

त्याच्या बायकोला समोर बसवून सांगितलं ते असं: दारू बंद झाली तर उत्तम, कारण यकृत आधीच जखमी आहे. पण हा प्यायलाच, तर त्या दिवशीही गोळी तिन्ही वेळा पोटात गेलीच पाहिजे. प्यायला म्हणून डोस चुकवायचा नाही. आमच्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, त्यांना वाटतं आपण पिण्याला परवानगी देतोय. माझा अनुभव उलट आहे. इतका मोठा धाक घातला की ज्याची सवय पक्की आहे तो दारू सोडत नाही, गोळी सोडतो. आणि रोज पिणाऱ्याला ‘आजपासून थेंब नको’ सांगून घरी पाठवणं हे तर त्याहून वाईट, कारण घरी थरथर सुरू झाली तर तिथे लोराझेपाम नसतं. अशा माणसाची दारू कोर्ससाठी थांबवायची असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

त्याचं पुढे ठीक झालं. पूर्ण कोर्स, त्यानंतर आतड्यात लपलेल्या अमीबासाठी डायलोक्सानाइड ५०० मिलिग्रॅम तीनदा दहा दिवस. महिन्याने सोनोग्राफीत डाग अजून दिसत होता म्हणून गावातल्या एकांनी पुन्हा मेट्रोनिडाझोल लिहून दिलं होतं, ते मी थांबवलं. ताप गेला, दुखणं गेलं, भूक लागली म्हणजे गळू बरा झाला. पोकळी भरून यायला महिने लागतात, तोवर ती फोटोत दिसणारच. ते पुन्हा लिहिलेलं औषध का थांबवलं, याचं कारण तुमच्याही कामाचं आहे.

मेट्रोनिडाझोल जास्त दिवस घेतलं तर नसांना, म्हणजे मज्जातंतूंना, इजा करतं. पायाच्या बोटांना मुंग्या, तळव्यांची आग, चप्पल पायातून निसटल्याचं न कळणं, अशी सुरुवात होते. साधारणपणे एकूण ४२ ग्रॅमच्या पुढे किंवा चार आठवड्यांहून जास्त दिवस गेलं की हा धोका लक्षणीय वाढतो. त्या माणसाच्या एका कोर्सचे २४ ग्रॅम झाले होते, वर मधल्या खाड्यामुळे थोडे जास्तच. दुसरा कोर्स दिला असता तर तो ती सीमा ओलांडून गेला असता, आणि रोजच्या दारूने त्याच्या पायांच्या नसा आधीच कमजोर होत्या. दारू आणि मेट्रोनिडाझोल यांचा खरा संगम मला इथे दिसतो: दोघं एकाच नसेवर घाव घालतात, पण आठवड्यांच्या हिशेबाने, एका पेगने नव्हे. तुमचे पाच दिवसांचे होतात सहा ग्रॅम. तुम्हाला याची काळजी नाही. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी ‘पोट बिघडलं’ म्हणून स्वतःच मेडिकलमधून स्ट्रिप आणणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हा हिशेब जरूर करावा.

आता तुमच्या पिशवीतल्या बाकीच्या गोळ्यांकडे वळू. शनिवारच्या पार्टीत मला खटकतं ते मेट्रोनिडाझोल नाही, डायक्लोफेनॅक. ही वेदनाशामक गोळी जठराच्या अस्तराला सोलते आणि दारूही तेच करते. दोन्ही मिळून रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी होण्याचा धोका वाढतो. याचा पुरावा भक्कम आहे, पण त्याची भीती कुणी घालत नाही. पार्टीच्या दिवशी ही गोळी लागली नाही तर घेऊ नका. दुखलंच तर पॅरासिटामॉल. रोज पिणाऱ्यांनी मात्र तेही दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांच्या आतच ठेवावं. शिवाय दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी अजून कच्ची असते. दारू, सिगारेट, गुळण्या करून जोरात थुंकणं, स्ट्रॉने ओढून पिणं, यांतल्या कशानेही ती निघाली तर खड्डा कोरडा पडतो आणि कानापर्यंत ठणका जातो. त्या दुखण्यापुढे दाढ काढताना झालेलं दुखणं काहीच नाही असं रुग्ण सांगतात. शनिवारी दारू टाळायला एवढी दोन कारणं मला पुरेशी वाटतात.

माउथवॉश आणि आयुर्वेदिक आसव-अरिष्टांबद्दल नेहमी विचारलं जातं, विशेषतः बायका अंगावरून जाण्यासाठी अशोकारिष्ट आणि मेट्रोनिडाझोल दोन्ही एकाच वेळी घेत असतात. अरिष्टात आंबवण्यातून बनलेलं अल्कोहोल पाच ते दहा टक्के असतं. वीस मिलिलिटर घेतलं तर फार तर दीड ग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे छोट्या पेगचा सहावा-सातवा हिस्सा. खोकल्याच्या औषधातलं अल्कोहोलही असंच किरकोळ. यासाठी घाबरून काही थांबवायची गरज नाही, आणि गोळी तर मुळीच थांबवायची नाही. एकच अपवाद, डायसल्फिरॅम घेणारा माणूस: त्याला हे थेंबही चालत नाहीत.

मेट्रोनिडाझोलने खरोखर घोळ होतो तो दुसऱ्या औषधांशी, आणि त्याबद्दल काउंटरवर क्वचितच कुणी विचारतं. हृदयाची झडप बदललेल्या किंवा पायात गुठळी झालेल्या माणसांना रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल चालू असतं. मेट्रोनिडाझोल यकृतातली त्यांची वाट अडवतं, त्यामुळे तोच नेहमीचा डोस अचानक जास्त पडतो. हिरड्यांतून रक्त, लघवीत लाली, अंगावर काळेनिळे डाग दिसू लागतात. तुमच्यासारखीच दाढ काढलेल्या पण झडपवाल्या माणसाला हे औषध सुरू केलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासायला हवं, आणि बऱ्याचदा रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस तात्पुरता कमी करावा लागतो. हे डॉक्टरांनी ठरवायचं, स्वतः नाही. मनाच्या आजारासाठी लिथियम चालू असेल तर तेही रक्तात चढतं: हात कापतात, जुलाब होतात, चाल लटपटते. फिटसाठी फेनिटॉइन असेल तर तसंच. यकृत फार खराब असेल, पोटात पाणी किंवा कावीळ असेल, तर मेट्रोनिडाझोलचाच डोस निम्म्यावर आणावा लागतो. ही यादी मुद्दाम लहान ठेवली आहे. घरात रोजची कुठलीही गोळी चालू असेल तर तिचं पाकीट डेंटिस्टला दाखवा, नाव आठवत बसू नका.

स्ट्रिपवरचं नाव नीट वाचायची सवय मात्र लावून घ्या. आपल्याकडे जुलाबावर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल अशा जोडगोळ्या सहज मिळतात. दाढेसाठी मेट्रोनिडाझोल चालू आणि मधेच पोट बिघडलं म्हणून यातली एक घेतली, तर एकाच घराण्याची दोन औषधं पोटात जातात आणि मळमळ दुप्पट होते. त्या दिवशी थोडी दारू झाली असेल तर दोष तिच्यावर जातो.

गोळी जेवणानंतर लगेच, भरपूर पाण्याबरोबर घ्या. तोंड कडू होणं आणि लघवी गडद तपकिरी होणं हे औषधाचंच आहे, घाबरू नका, गोळ्या संपल्या की जातं. सकाळची एखादी गोळी विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या, दोन एकदम नको. आणि गोळ्या चालू असताना बोलणं अडखळायला लागलं, चालताना झोक जायला लागला, फिट आली किंवा हातापायांना मुंग्या थांबेनात, तर दारू घेतली असो वा नसो, पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.